ऑर्डर नेमकी अडकते कुठं?

हे गोदाम बघा. तासाला 60 ऑर्डर येतायत, पिकिंगची 9 माणसं रॅकवरून माल काढतायत, तासाला 90 ऑर्डरचा माल सहज निघतो, आणि तरी कस्टमरचे फोन येतायत की पार्सल कुठंय. सगळे घामाघूम आहेत, म्हणून मॅनेजर म्हणतो पिकिंगला अजून दोन माणसं घ्या.

थांबा. आधी काढलेल्या मालाच्या ट्रॉल्या, एका ऑर्डरची एक, कुठं साचल्यात ते बघा. पॅकिंगच्या टेबलांपुढं रांग लागलीय, आणि पुढं डिस्पॅचवाले, जे तासाला 80 पार्सलं काढू शकतात, ते रिकामे उभे आहेत. मागं ढीग आणि पुढं उपाशी, बॉटलनेक, म्हणजे सगळं काम अडवणारा टप्पा, ओळखायची ही पहिली खूण. पण ढिगावर लगेच विश्वास ठेवू नका, त्यातल्या दहा ट्रॉल्या उघडून बघा, कारण त्यांच्यात एखादी वस्तूच कमी असेल तर पॅकिंगचा दोष नाही, अडचण मागं स्टॉकमध्ये आहे. इथं दहाही ट्रॉल्या पूर्ण निघाल्या. म्हणजे अडलंय पॅकिंगलाच.

एलियाहू गोल्डरॅट हा मूळचा फिजिक्सवाला माणूस, त्याचं म्हणणं असं की अख्ख्या साखळीचा वेग तिच्या सगळ्यात हळू टप्प्याएवढाच असतो. इथं पॅकिंगला 5 जण, एका ऑर्डरला 6 मिनिटं, म्हणजे तासाला 50. दर तासाला 10 ऑर्डर मागं राहतात, आठ तासांत 80. पिकिंगला माणसं वाढवली असती तर फक्त ढीग वाढला असता, पार्सल एकही जास्त गेलं नसतं.

मग पॅकिंगला माणसं वाढवायची का? लगेच नाही. घड्याळ लावून बघितलं तर त्या 6 मिनिटांतली दीड मिनिटं बॉक्स आणायला आणि टेप शोधायला जातायत, आणि मला विचाराल तर खरा चोर हाच आहे, कारण बॉटलनेकवर वाया गेलेलं मिनिट म्हणजे अख्ख्या गोदामाचं मिनिट. म्हणून पिकिंगमधला एक जण काढून टेबलांवर बॉक्स-टेप पुरवायला लावला. पिकिंग 80 वर आलं, काही बिघडलं नाही. पॅकिंग साडेचार मिनिटांवर आलं, म्हणजे तासाला 66 च्या वर, तेवढ्याच पगारात!

आता पिकिंगवाल्यांना सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची, की पॅकिंगपुढं साधारण अर्ध्या तासाचं काम, म्हणजे 33 ट्रॉल्या झाल्या की थांबा. रिकामं उभं राहणं कुणालाच बरं वाटत नाही, सुपरवायझरला तर अजिबातच नाही, पण पुढं ढकललेला माल फक्त वाट अडवतो आणि त्यात अर्जंट ऑर्डर गाडली जाते.

जुन्या 80 ऑर्डर लगेच संपणार नाहीत, तासाला सहा-सातच जादा निघतात, म्हणजे बारा तास तरी जातील. त्यानंतर पॅकिंगवालेच मधूनमधून ऑर्डरची वाट बघताना दिसतील, कारण आता मर्यादा गोदामात नाही, येणाऱ्या ऑर्डरमध्ये आहे. सेलच्या दिवशी तासाला 75 आल्या की मात्र ट्रॉल्या पुन्हा याच टेबलांपुढं साचतील, आणि सहावा पॅकर घ्यायचा तो तेव्हा.