वडील जामीनदार होते, आता काय?

श्रोतेहो, नमस्कार. पतसंस्थेच्या वसुली विभागात मी बरीच वर्षं काढली. त्या काळात एक कागद फार क्वचित माझ्या टेबलावर आला. ज्यांनी तो वेळेवर आणला, त्यांची पुढची दगदग वाचली. आज त्याच कागदाविषयी, म्हणजे जामीनदार वारल्यावर वारसांनी संस्थेला द्यायच्या पत्राविषयी बोलतो.

समजा, तुमच्या वडिलांनी मित्राला जामीन दिला होता. मित्र सांगलीच्या बाजारातला हळदीचा व्यापारी. त्याचं दहा लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे आपण ज्याला सीसी म्हणतो ते खातं. माल घेताना तो उचल करतो, विकला की भरणा करतो. असा जामीन एका व्यवहारापुरता नसतो, पुढच्या प्रत्येक उचलीलाही तो लागू राहतो. आणि मध्येच 12 ऑगस्टला वडील गेले.

भारतीय करार कायद्याचं, 1872 चं, कलम 131 इथे कामाला येतं. जामीनदार वारला की पुढच्या व्यवहारांपुरता असा चालू जामीन संपतो. पण त्या कलमात एक अट आहे: करारात वेगळं ठरलं नसेल तर. आणि छापील जामीनपत्रात बहुतेक वेळा वेगळं ठरलेलं असतंच! 'वारसांची लेखी सूचना संस्थेला मिळेपर्यंत जामीन चालू राहील' अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरात कुठेतरी सापडते. म्हणून आधी जामीनपत्राची प्रत मागा. ती मिळायला उशीर लागला तरी तुमची लेखी सूचना द्यायला थांबू नका.

आता आकडे पाहू. 12 ऑगस्टला खात्यावर 6,40,000 रुपये येणे बाकी होती. जामीनपत्रात ती ओळ आहे आणि तुमचं पत्र पोचलं 1 सप्टेंबरला. तोवर बाकी 7,00,000 झाली. वरचे साठ हजार त्या वीस दिवसांतल्या उचलीचे. पत्र दिलंच नसतं, तर व्यापाऱ्याने पुढे दहा लाखांपर्यंत केलेली उचलही वडिलांच्या मालमत्तेवर आली असती.

पत्र मोठं लागत नाही. कर्जखात्याचा क्रमांक, वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, सोबत मृत्यूचा दाखला आणि मुख्य मजकूर असा: 'आमचे वडील वारल्याने सदर खात्यावरचा त्यांचा जामीन पुढील व्यवहारांपुरता संपला आहे. यापुढची उचल त्यांच्या जामिनावर देऊ नये. मृत्यूच्या दिवशीची आणि हे पत्र मिळाल्या दिवशीची येणे बाकी खातेउताऱ्यासह लेखी कळवावी. हे पत्र आम्ही वारस म्हणून देत आहोत, यातून आम्ही स्वतः कोणतीही जबाबदारी घेत नाही.' सगळ्या वारसांनी सही करावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. 'साहेबांच्या कानावर घातलं होतं' हे पुढे कुणी मानत नाही. मीही मानलं नाही, हे कबूल करतो.

या पत्राने जुनी बाकी माफ होत नाही. त्या सात लाखांना वडिलांची मालमत्ता जबाबदार राहते, पण तुमच्या वाट्याला त्यांच्याकडून जेवढं आलं तेवढ्यापुरतीच. तुमचा पगार किंवा स्वतः घेतलेला फ्लॅट त्यात येत नाही. एकरकमी उचललेल्या मुदत कर्जाला जामीन असेल, तर कलम 131 चा फारसा उपयोग नाही, कारण तिथे पुढचे व्यवहारच नसतात.

आता वसुलीवाला सहसा बोलत नाही अशी गोष्ट. पत्रानंतरही संस्थेने तेच खातं चालू ठेवलं, व्यापाऱ्याने चार लाख भरले आणि पाच लाख नव्याने उचलले. खात्यावर बाकी आठ लाख दिसते. पण भरणा कोणत्या रकमेपोटी हे कुणीच ठरवलं नसेल, तर कलम 61 प्रमाणे तो आधी सर्वांत जुन्या देण्यात जातो. म्हणजे वडिलांच्या सात लाखांतले चार फिटले, उरले तीन. जाणती संस्था म्हणूनच जुनं खातं तिथेच गोठवून नवं उघडते. जामीनपत्रात याविरुद्धही कलम असू शकतं, तेवढं वाचून घ्या. पण खातेउतारा दर महिन्याला मागत राहा.

सर्वांत घातक चूक वेगळीच. संस्थेतला ओळखीचा माणूस म्हणतो, 'नूतनीकरण आहे, वडिलांच्या जागी तुम्ही सही करा, नुसती औपचारिकता.' ती औपचारिकता नसते. त्या सहीने तुम्ही स्वतः नवे जामीनदार होता, आणि मग पगारही सुटत नाही.

पत्राची एक प्रत व्यापाऱ्यालाही द्या. जड जातं, कारण तेराव्याला तो तुमच्याच पंगतीत बसलेला असतो. पण त्याचा धंदा या पत्राने बुडत नाही. त्याला दुसरा जामीनदार आणावा लागेल, आणि तो शोधायला त्याला वेळ हवा, म्हणून त्याला लवकर कळलेलं बरं.