एक प्रश्न विचारला आणि वर्गात भांडणच लागलं

नमस्कार मंडळी, आज थोडं वेगळं, आज माझ्याच वर्गाची गोष्ट सांगतो. मी सोलापुरात इतिहास शिकवतो, नववीचा वर्ग, शेवटचा तास, बाहेर ऊन असलं की विचारूच नका. निम्मी पोरं पूर्व भागातली, म्हणजे घरात नाहीतर शेजारी लूम खडखडतोयच. आणि विषय कुठला, तर औद्योगिक क्रांती.

मी विचारलं, फ्लाइंग शटल कोणी शोधलं? एक हात वर आला, तोच जो रोज येतो. "जॉन के, 1733." बरोबर, बस खाली. पुढचा प्रश्न, परत तोच हात. बाकीचे एकावन्न जण बेलची वाट बघतायत. शटल म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारा आपला धोटा रे, असं म्हटलं तेव्हा दोघंतिघं जरा हसले, तेवढंच.

मग 1811 चं इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम आलं. तिथले कारागीर रात्री जाऊन मोजे विणायचे माग फोडायचे, त्यांना लुडाइट म्हणत. 1812 मध्ये कायदाच झाला, माग फोडला तर फाशी. हे सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, समजा तुम्ही त्याच गल्लीत राहता, रात्री माग कोणी फोडला ते तुम्ही पाहिलंय, सकाळी शिपाई दारात. नाव सांगाल का?

आणि मी गप्प बसलो. हे लय अवघड असतं बरं का. 1970 च्या दशकात मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांमधली रेकॉर्डिंग तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब व्हायची, गप्प बसणारी पोरंही बोलायची. मी मनात पाचपर्यंत मोजलं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

ज्याच्या घरी स्वतःचे चार लूम आहेत तो पोरगा उठला. "सांगणार सर. लूम बँकेच्या कर्जावर असतोय, फोडल्यावर हप्ता कोण भरणार?" मागून आवाज, "अबे, पण फाशी आहे तिथं! हप्त्यासाठी माणूस मारतो का बे?" झालं, सुरू.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात हजेरी सोडून तिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "आमच्या पप्पांच्या कारखान्यात रॅपिअर लूम आलाय, त्याला धोटाच नाही. आधी चार जण होते, आता दोघं. पप्पा काही फोडणार नाहीत, पण कोणी फोडला तर मी नाव नाही सांगणार."

इथं मी माती खाल्ली. मी पटकन म्हणालो, "व्वा, शाब्बास!" लगेच पुढचे तिघं तिच्याच बाजूनं बोलले. त्यांचं मत वगैरे काही बदललं नव्हतं, सरांना काय आवडलं ते त्यांना कळलं होतं. म्हणजे माझ्या एका शाब्बासकीनं प्रश्नाला बरोबर उत्तर मिळालं आणि चर्चा तिथंच मरायला लागली. मग मी कौतुक बंद केलं आणि लूमवाल्या पोराला विचारलं, काय वेगळं असतं तर तू नाव सांगितलं नसतंस? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "फाशी नसती, नुसता दंड असता, तरी सांगितलं असतं. पण फोडणारा आमचाच कामगार असता तर... सर, त्याला मी काका म्हणतो."

आता कोणी म्हणेल, बरोबर उत्तर नाही म्हणजे काहीही बोललं तरी चालतं का? तर नाही. एक जण म्हणाला, ते अडाणी होते, त्यांना मशीन कळत नव्हतं. तिथं मी थांबवलं. अरे, ते माग त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या होते, त्यावरच त्यांचं पोट होतं, राग होता तो मजुरी कमी केली आणि रुंद मागावर कापड काढून, कापून शिवलेले स्वस्तातले मोजे बाजारात आणले त्याचा. ही माहिती आहे, इथं मत चालत नाही. नाव सांगायचं की नाही, ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा. हे ऐकल्यावर दोघांनी बाजू बदलली, एक इकडून तिकडं, एक तिकडून इकडं.

बेल झाली तरी कोणी उठेना. मीच बाहेर काढलं, नाहीतर रिक्षावाले मामा शाळेत येऊन ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी लूमवाला पोरगा दप्तरातून लाकडी धोटा घेऊन आला, माळ्यावरचा, आजोबांच्या हातमागाचा, दोन्ही टोकांना लोखंड, मधे हात लागून लागून गुळगुळीत झालेला. म्हणाला, "सर, घरी विचारलं. आजोबा म्हणाले, मी नाव सांगितलं असतं. आजी म्हणाली, मग त्या दिवशी मी भाकरी टाकली नसती. रात्रीपासून दोघं बोलत नाहीत."