एक ओळ, एक सेकंद

सकाळच्या सत्रात एकाने विचारलं, पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हे कुणी ठरवलं? तसं कुणी ठरवलं नाही. ते टाइपरायटरच्या पानाच्या मापातून आलंय. कुरियर टाइप, बारा पॉइंट, इंचाला सहा ओळी. समास सोडले की पानावर साधारण 55 ओळी बसतात. त्यात संवाद मधल्या अरुंद पट्टीत आणि परिच्छेदांमध्ये कोऱ्या ओळी. म्हणजे कोरी ओळ धरून एका ओळीला जेमतेम एक सेकंद मिळतो. एवढं लक्षात ठेवा.

आता एका नवख्या लेखकाचं हे दृश्य पाहा.

बाह्य. दादर स्टेशनचा पूल – रात्र

सुमन गर्दीतून वाट काढत प्लॅटफॉर्मवर पोहोचते, पण लोकल सुटते.

कोरी ओळ धरून तीन ओळी, म्हणजे तीन सेकंद. दादरचा पूल तीन सेकंदांत कोण उतरलंय? शिवाय पूल आणि प्लॅटफॉर्म ही दोन स्थळं आहेत आणि स्लगलाइन, म्हणजे दृश्याच्या माथ्यावरची स्थळ-वेळेची ओळ, एकच. वेळापत्रक करणारा सहायक दिग्दर्शक प्रत्येक दृश्य पानाच्या अष्टमांशात मोजतो. त्याच्या कागदावर हे एक अष्टमांश पान होईल, आणि गर्दी जमवून रात्रभर शूटिंग करायचं काम त्याला किरकोळ वाटेल.

तेच असं लिहा:

बाह्य. दादर स्टेशनचा पूल – रात्र

पूल गच्च भरलाय. सुमन पिशवी छातीशी धरून उभी.

खालून लोकलचा भोंगा.

ती एका टोपलीखालून वाकून पुढे सरकते.

बाह्य. दादर, प्लॅटफॉर्म – रात्र

शेवटच्या पायरीवर चपलेचा अंगठा तुटतो.

शेवटचा डबा तिच्यासमोरून जातो.

आता तेरा ओळी झाल्या, पाव पान. पंधरा सेकंद पटण्यासारखे आहेत. प्रत्येक परिच्छेद हा जवळपास एक शॉट आहे, आणि मी कुठेही ‘कॅमेरा’ लिहिलेलं नाही. ‘सुमनला आईची आठवण येते’ असंही लिहू नका. दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच लिहा. आठवण कॅमेऱ्याला दिसत नाही, पण पानावर जागा खाते आणि हिशेब बिघडवते.

हा हिशेब सरासरीचा आहे. भराभर बोलणारी दोन पात्रं पान पाऊण मिनिटात संपवतील, आणि ‘लग्नाची वरात निघते’ ही एक ओळ दोन मिनिटं घेईल. आपली अडचण आणखी वेगळी. देवनागरीत काना-मात्रांमुळे ओळींमधलं अंतर वाढतं, फॉन्टगणिक अक्षरांची रुंदी बदलते, आणि आपला ए-फोर कागद अमेरिकन कागदापेक्षा लांब. त्यामुळे तुमच्या पानाला किती सेकंद, हे तुम्हीच मोजा. स्वतःची दहा पानं घ्या, संवाद मोठ्याने म्हणा, हालचाली उठून करून पाहा आणि घड्याळ लावा. तेरा मिनिटं लागली, तर त्या मांडणीतली तुमची नव्वद पानं सुमारे दोन तासांची होतील.