चाळणी भागाकार करत नाही

कागदावर 1 ते 100 लिहा. 1 सोडून द्या, तो मूळ संख्येत धरत नाहीत. 2 ला गोल करा आणि 4, 6, 8 करत दोनाचा पाढा शेवटपर्यंत काटा. पुढचा न काटलेला आकडा 3, त्याला गोल करा आणि त्याचा पाढा काटा. पण 6 आधीच गेलाय, म्हणून 9 पासून सुरुवात. तसंच 5 चं 25 पासून, 7 चं 49 पासून, कारण सातपट करताना 2 ते 6 हे गुणक आधीच्या पाढ्यांत येऊन गेलेत. मग 11 येतो. त्याचा वर्ग 121, म्हणजे कागदाबाहेर. इथेच काम संपलं. जे 25 आकडे उरले, ते सगळे मूळ. आणि तो 91, जो भल्याभल्यांना मूळ वाटतो, सातानं गुपचूप उडवलेला असतो: 7 × 13.

या रीतीलाच चाळणी म्हणतात. ती अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याची, इ.स.पू. तिसऱ्या शतकातली.

आता काटा मोजू. दोनाच्या 49, तीनाच्या 31, पाचाच्या 16, साताच्या 8. एकूण 104. 30 वर तीनदा काट बसते, म्हणजे थोडी नासाडी आहेच. उलट एकेक आकडा तपासायचा, 2, 3, 5, 7 नी वर्गमुळापर्यंत भागून बघायचा आणि भाग गेला की थांबायचं, तर 181 भागाकार होतात. फरक फार नाही, असं वाटेल. पण 97 कडे बघा. त्याला चार वेळा विचारलं आणि चारही वेळा बाकी उरली. चाळणी 97 ला हातच लावत नाही! साताच्या पावलांनी चालताना ती 91 वरून थेट 98 वर जाते. "भाग जातो का?" हा प्रश्नच ती विचारत नाही, नुसती बेरीज करते.

आकडे वाढले की ही दरी रुंदावते. 10 लाखांपर्यंत चाळणीच्या साधारण 21 लाख काटा होतात. भागून बघायचं तर नुसत्या मूळ संख्यांवरच सुमारे 90 लाख भागाकार जातात, तेही सगळे वाया.

म्हणून कुणी प्रोग्रॅम दाखवून "सर, चाळणी लिहिली" म्हटलं, की मी आधी आतली ओळ बघतो.

```
if n % p == 0:
```

अशी ओळ दिसली की समजायचं, नाव चाळणीचं आणि काम भागाकाराचं. खऱ्या चाळणीत असं असतं:

```
for m in range(p*p, N+1, p):
    prime[m] = False
```

मात्र फक्त 1000003 मूळ आहे का, एवढंच विचारायचं असेल, तर चाळणी नको. 10 लाख खणांची वही मांडण्यापेक्षा 1000 पर्यंतच्या 168 मूळ संख्यांनी भागून बघणं सोपं. बाकी प्रत्येक वेळी उरते, म्हणजे तो मूळच आहे.