ऑफिसच्या मेलमधली स्मायली: तिची वेगळी, त्याची वेगळी

[स्क्रीनवर दोन मेल]
"नमस्कार, उद्यापासून या प्रोजेक्टचं काम मी बघणार आहे. मागच्या तीन महिन्यांची बिलं पाठवाल का?"
"नमस्कार, उद्यापासून या प्रोजेक्टचं काम मी बघणार आहे 🙂 मागच्या तीन महिन्यांची बिलं पाठवाल का? 🙂"

हे पाठवणाऱ्या माणसाला तुम्ही कधी भेटलेला नाहीत. यातला आपुलकीचा मेल कुठला वाटतो? मी तर पटकन दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

एला ग्लिकसन, अरिक चेशिन आणि खेर्बेन व्हान क्लेफ या तीन संशोधकांनी हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन प्रयोग, २९ देशांतली ५४९ माणसं. अनोळखी व्यक्तीचा कामाचा मेल वाचायचा आणि ती व्यक्ती कशी वाटली ते सांगायचं. एखाद्या फोटोत माणूस हसत असेल तर तो प्रेमळ वाटतो आणि कामातही हुशार वाटतो. मेलमधल्या स्मायलीने मात्र आपुलकी वाढलीच नाही आणि कामाचा वकूब कमी वाटला. एवढंच नाही, त्या मेलला उत्तर लिहायला सांगितलं तेव्हा लोकांनी माहितीही कमी दिली. म्हणजे आपल्या उदाहरणात बिलं मागणाऱ्याला बिलंच अर्धवट मिळण्याची शक्यता. ज्याला कामातलं फारसं कळत नाही असं वाटतं, त्याला तपशील लिहून पाठवायचे कष्ट कोण घेईल?

याला एक मर्यादा आहे. हे पहिल्या ओळखीबद्दल आणि औपचारिक कामाबद्दल आहे. प्रसंग अनौपचारिक ठेवला की हा तोटा दिसला नाही. पाच वर्षं शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही स्मायली पाठवता, तिथे हा निष्कर्ष लावू नका.

आता बाई आणि पुरुष यांच्याकडे येऊ. त्या अभ्यासात मेल कोणी लिहिला हे सांगितलं नव्हतं, तेव्हा स्मायलीचा मेल बाईने लिहिला असेल असा अंदाज लोकांनी जास्त वेळा केला. वकुबाबद्दलचं मत त्या अंदाजामुळे बदललं नाही, हेही त्यांनी नोंदवलंय. तरी हसणं हे बाईचं, ही समजूत आपल्या डोक्यात किती खोल बसलीय ते यातून कळतं.

ही समजूत जुनी आहे. १९८७ च्या एका अभ्यासात फोटोतल्या न हसणाऱ्या बायका न हसणाऱ्या पुरुषांपेक्षा जास्त नाखूश आणि ताणाखाली वाटल्या. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. बाईकडून गोडवा गृहीत धरलेला असतो. तिने स्मायली टाकली तर तिच्या खात्यात काही जमा होत नाही, नाही टाकली तर मात्र वजाबाकी होते. पुरुषाकडून ती अपेक्षाच नसते, म्हणून त्याने टाकलेली स्मायली कमाई ठरते. २०१९ मध्ये सहकाऱ्यांमधल्या मेसेजवर असाच एक प्रयोग झाला. साधी मैत्रीची इमोजी बाईने आणि पुरुषाने पाठवली तर दोघांचीही सारखीच योग्य वाटली, पण पुरुषाचा मेसेज लोकांना जास्त आवडला. हार्टसारखी प्रेमळ इमोजी आली की गणित उलटलं: बाईने पाठवली तर चालली, पुरुषाने पाठवली तर खटकली. म्हणजे पुरुषांनाही मोकळं रान नाही.

मी एका ऑफिसात होते तेव्हा ग्रुपवर लिहिलं, "फाईल अजून आली नाही. आज पाठवाल का?" दहा मिनिटांत वरिष्ठांचा फोन, "काय गं, चिडलीस का?" त्याच आठवड्यात माझ्या सहकाऱ्याने जवळजवळ तसाच मेसेज टाकला आणि त्याला फाईल मिळाली. त्यानंतर कित्येक महिने मी प्रत्येक वाक्यापुढे स्मायली लावत होते. ती आनंदाने नाही, फोन येऊ नये म्हणून लावत होते. आजही त्याचा राग येतो.

आणि मराठीत लपायला जागा कमी. इंग्रजी मेलमध्ये खाली नाव नसेल तर बाई की पुरुष ते कळत नाही. आपण "पाठवते" किंवा "पाठवतो" लिहिलं की क्रियापदच सांगून टाकतं. सुरुवातीचे दोन मेल मी मुद्दाम "बघणार आहे" असे लिहिले, म्हणजे तुम्हाला ओळखता येऊ नये. तुम्ही मनात कोणाला पाहिलंत?

तुमच्या टीममधल्या एखादीचा मेसेज तुसडा वाटला, तर उत्तर देण्याआधी हे करून बघा. तिचं "बघते" काढून तिथे "बघतो" ठेवा, बाकी अक्षरही बदलू नका.

[स्क्रीनवर: "रिपोर्ट बघते. दोन आकडे चुकलेत, दुरुस्त करून पाठवा."]
[स्क्रीनवर: "रिपोर्ट बघतो. दोन आकडे चुकलेत, दुरुस्त करून पाठवा."]

दोन्ही मोठ्याने वाचा. दुसरा वाचताना तुसडेपणा गेला, तर तो तिच्या मेसेजमध्ये नव्हता.