आज आवतण घ्या

(दुकानाचं दार उघडतं. दोरीवर झुली, गोंडे, घुंगरमाळा.)

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातलं हे किराणा दुकान. एरवी इथे साखर, तेल, विड्या. पण श्रावण सरत आला की दुकानाचा रंग पालटतो. छताच्या बांबूला कासरे लटकतात, बाशिंगं येतात, शिंगं रंगवायला हिंगूळ येतो. पोळा चार दिवसांवर आलेला असतो.

गल्ल्यावर बसलेत ते आबा. शेजारी पोत्यावर बसलाय तो नातू, सातवीतला. दोघांची मान एकाच मोबाईलवर.

गेल्या पोळ्याला आबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवलं होतं, कुठून तरी आलेलं तयार चित्र. त्यात बैल होता, फुलं होती, 'पोले की हार्दिक शुभकामनाएं' होतं आणि कोपऱ्यात तालुक्याच्या दुसऱ्याच दुकानाचं नाव होतं. नातवानं ते दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, "मग आपण आपलं लिहू."

आमच्या दृष्टीनं ही गोष्ट इथून सुरू होते.

(जवळून: आबांचा अंगठा, काचेवर हळदीचा डाग.)

मोबाईलला हिंदीचा कळफलक होता. नातवानं सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा जोडला. खाली 'अपडेट्स', मग पेन्सिलची खूण, मग कोरा रंगीत पडदा. आबांनी पहिला शब्द लिहिला, 'पोला'.

"आबा, ल नाही. ळ."

ळ सापडला. 'पोळ्याच्या'पाशी गाडी पुन्हा अडली, कारण ळ आणि य जोडायचे कसे? नातू म्हणाला, "ळ चा पाय मोडा, मग य लिहा." पाय मोडायची खूण कळफलकावर वेगळी असते. शाळेत आबांनी पाटीवर अशीच जोडाक्षरं गिरवलेली, त्यामुळे हे चटकन कळलं. 'शुभेच्छा'मध्ये च चा पाय मोडून छ. 'हार्दिक'साठी र चा पाय मोडला की पुढच्या द वर रफार आपोआप चढतो. तो चढताना पाहून आबा जे हसले, ते बघा.

(आबांचं हसू. पूर्ण राहू द्यावं.)

पहिला मजकूर मात्र बिलासारखा झाला. झूल, गोंडे, म्होरकी, हिंगूळ, प्रत्येकाचा भाव. स्टेटसमध्ये सातशेपर्यंत अक्षरं बसतात, आबांनी जवळजवळ सगळी वापरली. नातवानं आजीच्या मोबाईलवर ते उघडून दाखवलं. अक्षरं बारीक झालेली, आणि वाचून व्हायच्या आत पडदा पुढे गेला. बोट दाबून धरलं तर तो थांबतो, पण दुसऱ्याचं स्टेटस बोट धरून कोण वाचतं? "दोन ओळी, आबा."

दोन ओळी सुचेनात. संध्याकाळी गिऱ्हाईक थांबलं, तरी आबा पाटीवर लिहून पुसत होते.

(उधारीची वही उलगडते.)

दुसरी अडचण. डोळ्याच्या खुणेवर दाबलं की स्टेटस कुणी पाहिलं ते कळतं. आकडा आला नऊ. सबंध गाव गिऱ्हाईक आणि पाहणारे नऊ? कारण साधं आहे. स्टेटस दिसायला दोघांच्याही मोबाईलमध्ये एकमेकांचा नंबर साठवलेला लागतो. आबांकडे नंबर होते, पण उधारीच्या वहीत. दोन रात्री आजोबा वाचत गेले, नातू साठवत गेला. आणि गल्ल्यावर सुटे परत देताना आबा प्रत्येकाला सांगू लागले, "माझा नंबर घाल बरं मोबाईलमध्ये, माझ्यासमोर घाल."

(गोठा. कंदिलाचा उजेड.)

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेले खांदे कोमट पाण्यानं धुवायचे, हळद-लोणी चोळायचं. हे आबांचे शेजारी. चोळता चोळता बैलाच्या कानाशी लागून म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आबा कुंपणापाशी उभे होते. ऐकलं आणि तसेच दुकानाकडे वळले.

(मोबाईलचा पडदा, हिरवा रंग.)

'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.
राजाला सजवायचं सामान रात्री दहापर्यंत मिळेल. पोळ्याच्या शुभेच्छा.'

'शुभेच्छा' या वेळी एकदाही न विचारता. कुठून उचललेलं नाही, गोठ्यातलं वाक्य आहे ते. अशी वाक्यं प्रत्येक गावात पडून आहेत, आणि स्टेटसवर मात्र परक्या भाषेतली चित्रं फिरत राहतात, याचं आम्हाला वाईट वाटतं.

त्या रात्री झुली संपल्या. गावात बैलजोड्या कमी झाल्यात, ट्रॅक्टर आलेत, तरी संपल्या.

(तोरणाखाली बैलांची रांग. ढोल. इथे निवेदन नाही.)

दुसऱ्या दिवशी सांजेला स्टेटस गायब झालं. आबा घाबरले, आपल्याकडून काही पुसलं गेलं का? नातवानं समजावलं, चोवीस तास झाले की ते आपसूक जातं.

"मग महालक्ष्म्यांना नवीन लिहू," आबा म्हणाले. थोडा वेळ कळफलकाकडे बघत राहिले. "यात म चा पण पाय मोडायचा ना रे?"