दहा कामट्यांची चांदणी

गिरगावातील एका जुन्या चाळीच्या गॅलरीत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या या बांबूच्या कामट्या दोन आठवड्यांपूर्वीच आणलेल्या आहेत. दिवाळीला अजून दहा दिवस आहेत, पण कंदील करणाऱ्या काकांना कामट्या आधी आणून सावलीत वाळवायच्या होत्या. ओला बांबू सहज वाकतो आणि म्हणूनच नवख्या माणसाला तो सोयीचा वाटतो. मात्र वाळताना तो आकसतो, त्याच्याभोवती घट्ट बांधलेल्या गाठी सैल पडतात आणि वसुबारसेला ताठ दिसणारी चांदणी भाऊबीजेपर्यंत खिळखिळी होते.

आपण जो कंदील करणार आहोत तो पाच टोकांचा आहे. चौकोनी आणि त्रिकोणी कागदांचा, कडांना करंज्या लावलेला पारंपरिक कंदील वेगळा. त्या कंदिलाचा सांगाडा काड्या एकमेकींना जोडून उभा राहतो, तर चांदणीचा सांगाडा ताणावर उभा राहतो. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी पुढे, तशीच दुसरी मागे, दोघींची पाचही टोके एकत्र बांधलेली आणि मधोमध पाच आखूड टेकू घालून दोघींना एकमेकींपासून दूर ढकललेले, अशी ही रचना आहे. टेकू बसले की दहाही कामट्या धनुष्यासारख्या वाकतात. त्यांपैकी एक जरी इतरांपेक्षा कमी किंवा जास्त वाकली, तरी चांदणी पिळवटते. म्हणून काकांचा अर्धा दिवस कामट्या निवडण्यातच जातो.

बुरुडाकडून आणलेली कामटी साधारण आठ मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असते. काका प्रत्येक कामटी दोन्ही हातांत धरून गुडघ्यावर हलकेच वाकवतात आणि तिचा बाक पाहतात. बाक एकसारखा गोल आला तर कामटी चांगली. मध्येच कोन पडला तर तिथे बहुधा बांबूची गाठ आहे, किंवा त्या जागी कामटी पातळ तासली गेली आहे. गाठीजवळचा भाग ताठ असतो, त्यामुळे सगळा बाक गाठीच्या शेजारी गोळा होतो आणि कामटी तिथेच चिरते. संपूर्ण कामटीत गाठ नको असा हट्ट धरता येत नाही, कारण तेवढे लांब पेर नेहमी मिळत नाही. गाठ आलीच, तर ती कामटीच्या टोकाजवळ येईल असे काका पाहतात. तिथे कामटी जवळजवळ सरळच राहते. जाड वाटणाऱ्या कामट्यांचा आतला, पांढरट भाग ते सुरीने खरवडून कमी करतात. हिरवट, चकचकीत पाठीला मात्र हात लावत नाहीत, कारण बांबूचे सर्वांत चिवट धागे पाठीकडे असतात आणि वाकवताना ताण सोसायला तीच बाजू बाहेर ठेवायची असते.

निवडलेल्या दहा कामट्या प्रत्येकी ६२ सेंटिमीटर लांब कापल्या आहेत. दोन्ही टोकांपासून एक-एक सेंटिमीटर सोडून दोऱ्यासाठी बारीक खाच पाडली, म्हणजे बांधणी ते बांधणी हे अंतर ६० सेंटिमीटर उरले. आता पेन्सिलीने दोन खुणा करायच्या: प्रत्येक खाचेपासून आत २३ सेंटिमीटरवर एक. मध्ये १४ सेंटिमीटर उरतात. हे आकडे अंदाजाचे नाहीत. पाच टोकांच्या समान चांदणीत प्रत्येक रेषा इतर दोन रेषांना छेदते आणि तिचे असे तीन भाग होतात की टोकाकडचा भाग मधल्या भागाच्या १.६ पटींहून किंचित मोठा असतो. काकांना हे प्रमाण भूमितीच्या पुस्तकातून नव्हे, तर वडिलांनी भिंतीवर मारून ठेवलेल्या खुणांवरून ठाऊक आहे. चांदणी लहान-मोठी करायची असेल, तर लांबीला ०.३८ ने गुणले की टोकापासूनची खूण मिळते.

पाच कामट्या जमिनीवर मांडताना पाटीवर हात न उचलता चांदणी काढतो तोच क्रम ठेवायचा. एक कामटी जिथे संपते, तिथून दुसरी सुरू होते. प्रत्येक कामटीला वाटेत दोन फुल्या लागतात; त्यांपैकी एका फुलीवर तिने दुसऱ्या कामटीच्या वरून जायचे आणि दुसऱ्या फुलीवर खालून. अशी विणल्यासारखी मांडणी झाली की चांदणी न बांधताही बरीचशी जागच्या जागी राहते. मग पाचही टोके सुती दोऱ्याने आवळून बांधायची. शेजारशेजारच्या दोन टोकांमधले अंतर पाचही बाजूंना मोजून पाहावे. ते सुमारे ३७ सेंटिमीटर भरायला हवे. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक चालतो. त्याहून अधिक असेल, तर ती गाठ आत्ताच सोडून पुन्हा बांधलेली बरी.

इथे एक मोह आवरावा लागतो. खुणा तर केलेल्याच आहेत, मग फुल्याही लगेच बांधून टाकाव्यात असे वाटते. याच गॅलरीत दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलांनी तसे केले आणि त्यांची चांदणी एका बाजूने फुगीर व दुसऱ्या बाजूने चपटी झाली. याचे कारण असे की टेकू घालताना कामट्या वाकतात, टोके किंचित आत ओढली जातात आणि फुल्या आपल्या जागेवरून काही मिलिमीटर सरकतात. त्यांना सरकू दिले नाही, तर ताण सर्वत्र सारखा वाटला जात नाही. म्हणून आत्ता बांधायची ती फक्त टोके.

दुसरी चांदणी याच रीतीने तयार झाली आहे. दोन्ही एकमेकींवर ठेवताना कामट्यांच्या पाठी बाहेरच्या बाजूला येतील असे पाहायचे आणि पाचही टोके जोडीजोडीने घट्ट बांधायची. एकेका टोकाशी आता चार कामट्या आल्या आहेत. त्यानंतर काका ओले फडके पिळून दहाही कामट्यांवरून फिरवतात. एवढा ओलावा वाकवण्यापुरता पुरतो आणि तासाभरात सुकूनही जातो.

टेकू पाच हवेत. ते जाडसर बांबूचे असावेत आणि त्यांच्या दोन्ही टोकांना इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असावी, म्हणजे फुली त्या खाचेत बसते आणि निसटत नाही. एका खाचेच्या तळापासून दुसऱ्या खाचेच्या तळापर्यंतचे अंतर १४ सेंटिमीटर, म्हणजे कामटीच्या मधल्या भागाएवढेच. या निवडीचा फायदा कागद कापताना कळेल. पहिला टेकू घातल्यावर लगेच शेजारचा घालू नये. एक सोडून एक घालावा, म्हणजे ताण एका बाजूला साचत नाही. चौथ्या-पाचव्या टेकूला सांगाडा कुरकुरतो. कुरकुर चालते, पण ‘कट्’ असा आवाज आला तर थांबून कामटी बोटाने चाचपावी, कारण चिरलेली कामटी कागद लावल्यावर दिसत नाही आणि नेमकी कंदील टांगताना मोडते.

पाचही टेकू बसले. आता शेजारच्या टोकांमधले अंतर ३७ वरून सुमारे ३६ सेंटिमीटरवर आले आहे आणि ते सगळीकडे सारखे आहे. आता, आणि आताच, दहाही फुल्या टेकूंसकट दोऱ्याने बांधायच्या. सांगाडा जमिनीवर एका टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवला की उरलासुरला पिळ डोळ्यांना दिसतो.

खळ चुलीवर होतेच आहे. दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात कालवून, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर शिजवायचा. गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात. झुरळांनी आणि उंदरांनी कंदील खाऊ नये म्हणून जुन्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे काका खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते, त्यामुळे ही खळ लहान मुलांच्या हाती ते देत नाहीत. दिवाळीतच लावायचा कंदील असेल आणि लगेच उतरवायचा असेल, तर मोरचुदाशिवायही भागते.

कागद पतंगी आहे. प्रत्येक पाकळीला चार पृष्ठे असतात: पुढचे, मागचे आणि दोन बाजूंची. पुढच्या-मागच्या त्रिकोणाचा पाया म्हणजे कामटीचा मधला भाग आणि बाजूच्या त्रिकोणाचा पाया म्हणजे टेकू. दोन्ही जवळजवळ १४ सेंटिमीटर असल्यामुळे पाच पाकळ्यांचे वीसही त्रिकोण एकाच पुठ्ठ्याच्या नमुन्याने कापता येतात: पाया १४, बाजू २३ आणि चिकटवण्यासाठी कडेने एक-एक सेंटिमीटर जास्त. मधल्या दोन पंचकोनांसाठी कागद सांगाड्यावरच ठेवून आखून घेणे सोपे. काकांनी पाकळ्यांना पांढरा आणि मधल्या भागाला लाल कागद निवडला आहे. गडद निळा किंवा हिरवा दिवसा शोभतो, पण रात्री त्यातून उजेड फारसा येत नाही.

खळ कागदाला न लावता कामटीला लावायची. कामटीची पाठ गुळगुळीत असल्यामुळे खळ तिच्यावर धरत नाही, म्हणून त्या पट्टीवर आधी काचकागद फिरवलेला आहे. कागद खळीने ओला झाला की फुगतो आणि सैल दिसतो. अशा वेळी तो खेचू नये. ओला पतंगी कागद नखानेही फाटतो आणि वाळताना तो आपोआप आकसून तंग होतो. मात्र एकाच बाजूचे सगळे कागद आधी लावले, तर त्यांचा ताण सांगाड्याला त्या बाजूला ओढतो. त्यामुळे पुढचा एक त्रिकोण लावला की मागचा त्याच्या समोरचा लावायचा, असे काम सरकत जाते.

वरच्या पाकळीचा मागचा त्रिकोण अजून उघडा ठेवला आहे, कारण हात आत घालायची वाट तीच आहे. त्या पाकळीच्या पायथ्याशी दोन टेकू शेजारी-शेजारी येतात. त्यांच्यावर एक आडवी काडी बांधून तिला होल्डर अडकवला आहे. दिवा काडीपासून नऊ-दहा सेंटिमीटर खाली आला की तो बरोबर मधोमध येतो आणि पाचही पाकळ्यांत सारखा उजेड जातो. दिवा तीन ते पाच वॅटचा एलईडी आहे. पूर्वीचा ४० वॅटचा पिवळा बल्ब अशा कंदिलात तासाभरात कागद तापवत असे आणि पुढच्या पंचकोनाच्या मधोमध तपकिरी डाग पडे. शेवटचा त्रिकोण फक्त वरच्या दोन कडांना चिकटवून खालून मोकळा ठेवला आहे, म्हणजे दिवा बदलता येतो.

जोडांवर सोनेरी कागदाच्या पट्ट्या बसल्या. खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या लावायच्या आहेत, त्यासाठी कागदाची पट्टी चार पदरी दुमडून कडेने बारीक कातरायची आणि टोकाच्या गाठीभोवती गुंडाळायची. हाच सांगाडा वसईतल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांपुढे डिसेंबरमध्ये नाताळचा तारा म्हणून टांगलेला दिसतो. त्यामुळे काका दिवाळीनंतर कागद काढून सांगाडा वसईच्या मित्राकडे पाठवतात आणि पुढच्या वर्षी नवा करतात.

टांगण्याची दोरी कागदाला किंवा एकाच कामटीला नाही, तर वरच्या टोकाच्या चारही कामट्यांच्या गाठीखालून घेतली आहे. संध्याकाळ झाली. गॅलरीच्या कठड्याबाहेर चांदणी लटकली आहे आणि काकांनी बटण दाबले आहे. पांढऱ्या पाकळ्यांवर कामट्यांच्या सावल्या उमटतात. डाव्या पाकळीत एक सावली किंचित वाकडी आहे. तिथे फुली दोन मिलिमीटर सरकलेली आहे, असे काका सांगतात, आणि पुढच्या कंदिलासाठी कामट्या तासायला बसतात.